पीडीएफवर सही केली, तरी कॉपी झालेल्या मजकुराचे काय?

वाचकाचे पत्र

आमची शेतकरी उत्पादक कंपनी परभणी जिल्ह्यात आहे. सभासद साडेसहाशेच्या आसपास. दर मंगळवारी आम्ही पीक सल्ला काढतो. कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आणि आमच्या कृषी पदवीधराची टिपणे एआयला देऊन मसुदा करून घेतो, पदवीधर तो तपासतो आणि मग पीडीएफ गावोगावच्या ग्रुपवर जाते. मागच्या पंधरवड्यात आमच्याच नावाने एक मेसेज फिरला, त्यात कापसावरच्या फवारणीच्या औषधाचे प्रमाण दहा लिटर पाण्याला ४ मिलीच्या जागी ४० मिली होते. संगणकाचे काम पाहणारा मुलगा म्हणतो, पीडीएफवर ‘यंत्रनिर्मित’ असे लेबल आणि डिजिटल सही टाकू, म्हणजे असे होणार नाही. दोघा संचालकांचे म्हणणे, ज्यावर आमचे लेबल नाही तो मेसेज खोटा, असा ठरावच करून टाका. ठराव करावा का? आणि सहीचा उपयोग होईल का?
— एक संचालक, परभणी जिल्हा

उत्तर

स. न. वि. वि.

सही जरूर टाकावी. ठराव मात्र करू नये. सही ज्या वस्तूला बांधलेली असते ती वस्तू फाइल आहे, आणि आपल्या गावांतून जे फिरते ते बहुतेक वेळा फाइल नसते. या एका गोष्टीतून बाकीचे सगळे निघते, म्हणून ती सावकाश सांगतो.

यंत्रनिर्मित मजकुराचा उगम कळावा यासाठी आज जे प्रस्ताव पुढे आहेत, त्यांतला सर्वांत पुढे गेलेला प्रस्ताव सीटूपीए या नावाने ओळखला जातो. २०२१ मध्ये ॲडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल आदींनी एकत्र येऊन त्याचे काम सुरू केले. त्याची कल्पना आपल्याला परकी वाटणार नाही. फाइलच्या पोटातच एक नोंदपत्र ठेवले जाते. ही फाइल कोणत्या साधनाने तयार झाली, केव्हा झाली, नंतर तिच्यात काय बदल झाले आणि तिचा उगम भाषा मॉडेलमधून आहे का, हे त्यात लिहिलेले असते. मग फाइलमधल्या सगळ्या बाइट्सवरून गणिताने एक ठरावीक लांबीचा आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा पूर्णपणे वेगळा येतो. तो आकडा नोंदपत्रात घालून त्या सगळ्यावर सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने शिक्का उमटवला जातो. पुढे कोणीही फाइल तपासली की हॅश पुन्हा काढला जातो आणि तो जुळला, तर फाइल सही झाल्यावर कोणी हात लावलेला नाही, हे सिद्ध होते.

आपण रोज पाहतो ती डिजिटल स्वाक्षरीची सातबाराची पीडीएफ याच गणितावर चालते. त्यामुळे आपल्या कामासाठी नवे काही विकत घेण्याची गरज पडू नये. आपली कंपनी कंपनी कायद्याखाली नोंदलेली आहे, वार्षिक विवरणे ऑनलाइन भरावी लागतात, म्हणजे कोणा तरी संचालकाच्या नावाची डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र, आधीच काढलेली असणार, आणि माझा अनुभव असा की तिचे यूएसबी टोकन बहुधा सीएंच्या कार्यालयातल्या खणात असते. ते टोकन परत मागवा. ज्याच्या हाती टोकन आणि पिन आहे, तो आपल्या नावाने सही करू शकतो. मंगळवारच्या सल्ल्यावर सही व्हायची असेल तर टोकन सही करणाऱ्या संचालकाजवळच हवे. या डीएससीने पीडीएफवर साधी डिजिटल सही होते. सीटूपीएच्या नोंदपत्रासाठी वेगळ्या प्रकारचे प्रमाणपत्र लागते, पण आपल्या गरजेला ही साधी सही पुरेशी आहे. सही करताना टाइमस्टॅम्प जोडायला मुलाला सांगा, म्हणजे डीएससीची मुदत संपल्यावरही जुने सल्ले तपासता येतील.

अशी सही केलेली पीडीएफ व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर ती बाइट न बाइट तशीच पोचते आणि सही शाबूत राहते. कोणी त्या पीडीएफमध्ये ४ चे ४० केले, तर सही तुटलेली दिसेल. एवढे काम सही चोख करते.

मात्र सभासदाला ते दिसेल का, हा वेगळा प्रश्न आहे. सातबारा किंवा आधारची पीडीएफ उघडल्यावर पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘Signature Not Verified’ ही अक्षरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती फाइल खोटी असते म्हणून हे दिसत नाही. वाचणाऱ्याच्या संगणकाने भारतातल्या प्रमाणपत्रे देणाऱ्या मूळ यंत्रणेवर विश्वास ठेवण्याची सोय केलेली नसते, म्हणून दिसते. मोबाइलवरचे पुष्कळ पीडीएफ वाचक तर सही तपासतच नाहीत, फक्त तिचे चित्र दाखवतात. परिणामी खऱ्या फाइलवर प्रश्नचिन्ह पाहायची आणि त्याकडे दुर्लक्ष करायची सवय आपल्या लोकांना लागून गेली आहे. कागदावर छापलेली हिरवी बरोबरची खूण तर निव्वळ शाई असते. ती कोणत्याही कागदावर छापता येते.

आता आपल्या गावात प्रत्यक्षात काय होते ते पाहू. मानवत तालुक्यातल्या एखाद्या सभासदाला पीडीएफ मिळते. ती दोन पानांची आहे, त्याला हवा आहे कापसाचा एक परिच्छेद. तो त्या परिच्छेदावर बोट दाबून धरतो, ‘कॉपी’ करतो आणि गावच्या ग्रुपमध्ये ‘पेस्ट’ करतो. या क्षणी फोनच्या क्लिपबोर्डवर गेली ती फक्त अक्षरे. नोंदपत्र, हॅश, सही, प्रमाणपत्र हे सगळे फाइलच्या पोटात होते आणि ते तिथेच राहिले. सही तुटली असेही म्हणता येत नाही, कारण तुटायला ती या मजकुरासोबत आलेलीच नाही. ग्रुपमधल्या मेसेजला तपासण्यासारखे काहीच नाही: ना बरोबरची खूण, ना चुकीची.

पुष्कळदा एवढेही होत नाही. पीडीएफमधून देवनागरी उचलताना ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरे फुटतात, आणि जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असेल तर नुसती निरर्थक चिन्हे येतात. मग सभासद वैतागून तो परिच्छेद हाताने टाइप करतो, बोलून टाइप करवतो किंवा स्क्रीनशॉट काढतो. स्क्रीनशॉट म्हणजे नवीनच चित्र. त्याला मूळ फाइलचे काहीही माहीत नसते. आपल्या ४० मिलीच्या मेसेजचा जन्म कसा झाला हे मला ठाऊक नाही, पण हाताने टाइप करताना ४ च्या पुढे चुकून शून्य पडणे आणि कोणी मुद्दाम शून्य जोडणे, या दोन्ही गोष्टी त्या मेसेजकडे पाहून सारख्याच दिसतात, हे ध्यानात ठेवा. माणूस शोधून त्याला ग्रुपबाहेर काढण्याआधी हा विचार व्हावा.

आपला मुलगा हुशार आहे, तो पुढचा प्रश्न विचारेल, म्हणून तोही इथेच घेतो: फाइलऐवजी मजकुरावरच सही करता येणार नाही का? परिच्छेदाचा हॅश काढायचा, सही करायची आणि ती अक्षरांच्या शेवटी चिकटवायची. गणिताने हे शक्य आहे. अडचण मराठीत किती लवकर येते ते एका अक्षरावर दाखवतो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आपल्या सल्ल्यात दर चार ओळींनी येणार. त्यातला अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो, संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो:

```
ऱ्या   U+0931 U+094D U+092F U+093E
र्‍या   U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
```

कोणता कीबोर्ड वापरला यावर कोणता प्रकार उमटेल ते ठरते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संपादकाची नजरही फरक सांगू शकणार नाही. बाइट्स मात्र वेगळ्या, म्हणून हॅश वेगळा, म्हणून सही अमान्य. सभासदाने एकही शब्द न बदलता, प्रामाणिकपणे, आपल्या कीबोर्डवर परिच्छेद पुन्हा टाइप केला तरी तपासणी ‘मजकूर बदलला आहे’ असेच म्हणेल. तेच ‘४’ च्या जागी ‘4’ लिहिल्यावर, दोन शब्दांमध्ये दोन जागा सोडल्यावर, किंवा ओळ मोडल्यावर. ज्या तपासणीला निरुपद्रवी टाइपिंग आणि दहापट झालेली मात्रा यांतला फरक कळत नाही, तिचा इशारा लोक चौथ्या दिवशी ऐकेनासे होतात.

दुसरा प्रस्ताव असा की नोंदपत्र अदृश्य अक्षरांच्या रूपाने मजकुरातच विणून टाकायचे. युनिकोडमध्ये पडद्यावर न दिसणारी काही चिन्हे आहेत. त्यांची लांबलचक माळ एखाद्या वाक्याच्या शेवटी बसवली तर वाचणाऱ्याला काही दिसत नाही आणि कॉपी केल्यावर ती माळ सोबत येते. साध्या मजकुरासाठी सीटूपीएच्या बाजूनेही असाच मार्ग मांडला गेला आहे. हा मार्ग चुकीचा नाही, पण नाजूक आहे. हाताने टाइप केले की माळ गेली. स्क्रीनशॉटमध्ये ती नसतेच. आणि पुष्कळ ॲप व संकेतस्थळे मजकूर स्वच्छ करताना अशी अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकतात. मराठी माणसाने इथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. वरच्या दुसऱ्या ओळीतले U+200D हे चिन्हही अदृश्यच आहे, पण ते आपल्या लिपीचा भाग आहे. अदृश्य चिन्हे काढून टाकणाऱ्या साधनाने ते काढले, तर चंद्रकोरीच्या जागी रफार येतो आणि त्या पद्धतीने टाइप केलेल्या ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते. स्वयंपाक्यांचे गुरू झाले. म्हणजे छुप्या खुणा वाढतील तशी त्या पुसणारी साधनेही वाढतील, आणि त्या धुलाईत आपले शुद्धलेखन बिघडेल.

तिसरा मार्ग वॉटरमार्कचा. यात अक्षरांत काही लपवत नाहीत. शब्दांच्या निवडीतच खूण ठेवतात. मेरिलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेली रीत समजायला सोपी आहे. मॉडेल पुढचा शब्द निवडण्याआधी, मागच्या शब्दावरून आणि एका गुप्त किल्लीवरून शब्दसंग्रहाचे दोन भाग पाडले जातात. समजा निम्मे शब्द हिरवे आणि निम्मे लाल. मॉडेलला हिरव्याकडे हलकेच झुकवले जाते. वाचणाऱ्याला काही जाणवत नाही, पण किल्ली असलेला तपासनीस हिरवे शब्द मोजतो. गूगल डीपमाइंडची सिंथआयडी ही पद्धतही शब्दनिवडीतच खूण ठेवते. मजकुरासाठीचे तिचे वर्णन ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. कॉपी, पेस्ट, अगदी हाताने टाइप केले तरी ही खूण टिकते, कारण ती शब्दांतच आहे. म्हणून साध्या मजकुरासाठी हाच उपाय योग्य, असे प्रथमदर्शनी वाटते.

आता आपला मेसेज घ्या. दोनशे शब्दांच्या मजकुरात यंत्राविना साधारण शंभर हिरवे शब्द यायला हवेत. एकशेचाळीस आले तर ते योगायोगाने घडणे जवळजवळ अशक्य, आणि खूण आहे असे ठामपणे म्हणता येते. पण ग्रुपवर फिरलेला मेसेज वीस शब्दांचा. त्यात दहाऐवजी चौदा हिरवे शब्द आले तर? प्रमाण तेच आहे, सत्तर टक्के, पण वीस नाणी उडवल्यावर चौदा किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता जवळजवळ सहा टक्के असते. म्हणजे माणसांनी लिहिलेल्या शंभर छोट्या मेसेजमधले पाच-सहा विनाकारण यंत्राचे ठरतील. शिवाय आपल्या मजकुरात मॉडेलला निवडीला वावच किती? औषधाचे नाव, मात्रा, पाण्याचे माप, फवारणीची वेळ, हे शब्द ठरलेले. तिथे हिरव्याकडे झुकता येत नाही. कोणी तो परिच्छेद आपल्या बोलीत फिरवून लिहिला किंवा दुसऱ्या भाषेतून भाषांतरित केला की उरलीसुरली खूणही पातळ होते. आणि ज्या मॉडेलच्या निर्मात्याने खूण ठेवलेलीच नाही, त्याच्या मजकुरात ती शोधून सापडणार नाही.

या सगळ्यांहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. वॉटरमार्क असलेल्या लांब सल्ल्यात कोणी फक्त ४ चे ४० केले, तर वॉटरमार्क जसाच्या तसा राहतो. दोनशेतला एक शब्द बदलल्याने हिरव्यांची मोजणी हलत नाही. तपासनीस म्हणेल, हा मजकूर अमक्या मॉडेलने तयार केला आहे. आणि ते खरेही असेल, फक्त शेतकऱ्याचे पीक जळेल. सही इतकी नाजूक की अर्ध्या र ने मोडते. वॉटरमार्क इतका सोशिक की चुकीची मात्रा पोटात घेऊनही टिकतो. आपल्याला हवी आहे ती मात्रेची खात्री, आणि ती या दोहोंपैकी कोणाकडेही नाही, कारण ही साधने उगमाविषयी बोलतात आणि आपला प्रश्न मजकूर मुळाशी जुळतो का, हा आहे.

ठरावाविषयी माझे मत आता आपल्या लक्षात आले असेल. लेबल नाही म्हणून मेसेज खोटा, असे धरले तर आपल्याच सल्ल्यातला कॉपी केलेला खरा परिच्छेद खोटा ठरतो, कारण त्यावरही लेबल उरलेले नसते. उलट बाजूने, ज्याला खोटा मेसेज करायचा आहे तो ‘यंत्रनिर्मित, कंपनीने तपासलेले’ हे शब्द सहज टाइप करील. साध्या मजकुरातले लेबल हेही साधा मजकूरच आहे. मग निदान मेसेज यंत्राने लिहिला की माणसाने हे ओळखणारे साधन वापरावे, असे कोणी सुचवील. त्याच्याही वाटेला जाऊ नये. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे ओळखयंत्र काढले होते. त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्राच्या इंग्रजी मजकुरांपैकी २६ टक्के ओळखले आणि माणसांनी लिहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांवर चुकून आळ घेतला. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेण्यात आले. आपला चुकीचा मेसेज तर बहुधा माणसाच्या बोटांनी लिहिलेला आहे, तेव्हा हे साधन आपल्या प्रश्नाच्या जवळपासही जात नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिमरीत्या तयार केलेल्या माहितीवर ठळक लेबल आणि कायमचा मेटाडेटा, म्हणजे फाइलच्या पोटातली नोंद, असावा असा मसुदा काढला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये नियमांत दुरुस्ती केली. तिचा रोख चित्र, आवाज आणि चित्रफितींवर आहे. व्हॉट्सॲपवरचा साधा लेखी सल्ला तिच्या व्याख्येत येत नाही. चीनमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून यंत्रनिर्मित मजकुरावरही उघड सूचना आणि फाइलच्या मेटाडेटात छुपी नोंद सक्तीची आहे. युरोपच्या २०२४ च्या कायद्याने लेखी मजकूरही कक्षेत घेतला आहे. मात्र सार्वजनिक हिताचा मजकूर माणसाने तपासला असेल आणि त्याची संपादकीय जबाबदारी कोणी घेतली असेल, तर तो यंत्रनिर्मित असल्याचे वाचकांना जाहीर करण्यातून त्यात सूट आहे. ही सूट मला शहाणपणाची वाटते, आणि आपल्या सल्ल्यावर काय छापावे याचे उत्तरही तिच्यातच आहे. नुसते ‘यंत्रनिर्मित’ छापले तर सभासदाला वाटेल, कोणी पाहिलेच नाही. आणि ते खरे नाही. असे छापा: ‘मसुदा एआयच्या मदतीने, मात्रा आणि वेळा तपासणारे अमुक, कृषी पदवीधर.’ मसुद्याचा उगम लपत नाही, आणि मात्रेला जबाबदार माणूस कोण हेही कळते.

आता कॉपी होणाऱ्या मजकुराचे. शासन निर्णयाचा शेवट आपण वाचला असेल: हा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे, आणि हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे. त्या एका वाक्यात दोन वेगळ्या सोयी आहेत. स्वाक्षरी फाइलसाठी. संकेतांक मात्र छापील प्रतीवर, झेरॉक्सवर, वहीत उतरवून घेतलेल्या आकड्यातही टिकतो, आणि तो घेऊन मूळ प्रतीपर्यंत जाता येते. संकेतांक स्वतः काहीच सिद्ध करत नाही, कारण तो कोणीही कोणत्याही कागदावर लिहील. पण तुलना कोठे करायची ते तो सांगतो. साध्या मजकुरासाठी माझ्या माहितीत याहून भरवशाची सोय नाही.

तेव्हा प्रत्येक सल्ल्याला क्रमांक द्या, आणि तो पीडीएफच्या माथ्यावर न ठेवता प्रत्येक परिच्छेदाच्या आत, मात्रेच्या वाक्यातच गुंफा. सभासद परिच्छेद उचलतो, माथा उचलत नाही, हे आपण वर पाहिलेच. उदाहरणार्थ: ‘कापूस, सल्ला २७-३: दहा लिटर पाण्यात ४ (चार) मिली.’ मात्रा आकड्यात आणि अक्षरांत दोन्ही लिहा, जसे धनादेशावर लिहितो. हाताने टाइप करताना एक शून्य वाढले तरी ‘चार’ तिथे राहील आणि विसंगती वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर येईल. मुद्दाम बदलणारा दोन्ही बदलील हे खरे, पण निष्काळजीपणाने होणारी चूक तरी उघडी पडेल.

त्या क्रमांकाचा सल्ला कंपनीच्या एका कायमच्या पानावर ठेवा, साध्या मजकुराच्या रूपात, म्हणजे कॉपी करतानाच तो नीट उचलला जाईल. जुने सल्ले पुसू नका. चूक दुरुस्त केली तर जुन्या सल्ल्यावर ‘रद्द, पाहा २७-३अ’ असे लिहून तो तसाच ठेवा. पुसलेल्या सल्ल्याची प्रत कोणाच्या तरी फोनमध्ये असतेच आणि मग ती कोणती हे सांगता येत नाही. ज्यांना संकेतस्थळ जमत नाही त्यांच्यासाठी तेच पान छापून संकलन केंद्राच्या फलकावर आणि कृषी सेवा केंद्रात लावा, कारण मात्रेचा प्रश्न बहुधा औषध घेताना किंवा पंप भरताना पडतो. एक फोन क्रमांक द्या, ज्यावर ‘२७-३ मध्ये किती मिली?’ एवढेच विचारता येईल.

मुलाला एक उपयोगी काम द्या. ग्रुपवरून आलेला मेसेज मूळ सल्ल्याशी ताडून पाहणारी छोटी सोय त्याने करावी, पण तुलनेआधी दोन्ही मजकूर एका वळणावर आणावेत:

```
s = unicodedata.normalize("NFC", s)
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

पहिली ओळ एकाच अक्षराच्या समान मानलेल्या नोंदी एक करते; दुसरी ओळ अर्ध्या र चा वर सांगितलेला फरक मिटवते, तो पहिलीने मिटत नाही. त्यानंतर इंग्रजी आकड्यांचे देवनागरी आकडे करावेत आणि जास्तीच्या जागा काढाव्यात. मग जो फरक उरेल तो बहुतेक खऱ्या बदलाचा असेल आणि तो पदवीधराने डोळ्यांनी पाहावा. यंत्राने ‘जुळत नाही’ म्हटले म्हणून मेसेज खोटा जाहीर करू नये. सभासदाने फक्त बोलीत लिहिलेले असू शकते.

सही केलेली पीडीएफ या सगळ्यात कोठे बसते, असे आपण विचाराल. ती कंपनीच्या दप्तरात आणि त्या पानावर ठेवा. उद्या कोणी पीक जळाल्याची तक्रार घेऊन आला आणि ‘तुमच्याच सल्ल्यात ४० होते’ म्हणाला, तर त्या तारखेला आपण काय प्रसिद्ध केले होते हे टाइमस्टॅम्पसह दाखवणारा पुरावा तीच असेल. फिरणाऱ्या मजकुराला ती आवरू शकत नाही, पण वाद मिटवायला तिच्याइतके दुसरे काही उपयोगी नाही.

मात्र या आठवड्यात पहिले काम वेगळे आहे. तो मेसेज अजून फोनांमध्ये आहे आणि काहींची फवारणी व्हायची असेल. ‘खोट्या मेसेजपासून सावध राहा’ असे मोघम लिहू नका. चुकीचा आकडा पुन्हा ठळक छापूही नका, कारण घाईत वाचणाऱ्याच्या मनात तोच आकडा राहतो. एवढेच पाठवा: ‘कापूस फवारणी: दहा लिटर पाण्यात ४ (चार) मिली. यापेक्षा जास्त मात्रा सांगणारा मेसेज आमचा नाही. पूर्ण सल्ला कंपनीच्या पानावर आणि संकलन केंद्राच्या फलकावर आहे. जास्त मात्रेची फवारणी झाली असल्यास आजच फोन करा.’ हा मजकूर लेखी आणि पदवीधराच्या आवाजात, दोन्ही पाठवा, आणि फोनवर त्या पदवीधरानेच बसावे. तालुका कृषी अधिकाऱ्यांनाही त्याच दिवशी कळवा. ज्या ग्रुपमध्ये तो मेसेज प्रथम दिसला, तिथल्या सभासदांना आधी फोन करा.